मत्सर आणि ईर्ष्या

गेल्या श्रावणात आमच्या थोरल्या सुनेला दुसरा मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसे झाले, आलीगेली मंडळी परतली, आणि घर पुन्हा आपल्या नित्याच्या चाकोरीत पडते न पडते तोच एके दुपारी माजघरात गलका उठला. पाळण्यावर बांधलेला चांदीचा खुळखुळा नाहीसा झाला होता. शोध करता करता तो कोठीच्या खोलीत पिंपामागे सापडला. तो तिथे कोणी टाकला, हे विचारावे लागले नाही. आमचा थोरला नातू, वय वर्षे पावणेपाच, दाराआड उभा राहून हुंदके देत होता.

घरात जितकी माणसे तितकी मते. धाकटी सून म्हणाली, "बाळाचा हेवा वाटतो त्याला." सौ. म्हणाली, "हेवा कसला? उगीच हट्टीपणा." आणि आमची आक्का, म्हणजे माझी वडील बहीण, जपमाळ बाजूला ठेवून म्हणाली, "मत्सरी आहे हो पोर. अगदी आजोबांवर गेले आहे."

आक्काच्या बोलण्यात विष नव्हते. सत्तरी उलटलेल्या वडील बहिणीला जे बोलण्याचा अधिकार असतो तेच ती बोलली. परंतु तो शब्द मला चाळीस वर्षांपूर्वी एकदा लागला होता, आणि आज माझ्या नातवाच्या निमित्ताने तो पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. मी जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आलो. 'समानार्थी शब्द द्या' या प्रश्नाखाली हेवा, मत्सर, असूया आणि ईर्ष्या हे चारही शब्द एका ओळीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी पुरे गुण दिलेले आहेत. ते गुण देताना माझी चूक झाली, असे आता मला वाटते. ती कशी, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम त्या मुलाकडेच पाहू. त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या मुलाने, 'हेवाच असेल तर तो फेडून टाकू' अशा विचाराने, बाजारातून तस्साच एक खुळखुळा आणून थोरल्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला, दोनदा वाजवला आणि ओटीवर टाकून दिला. म्हणजे त्याला खुळखुळा नको होता. बरे, बाळाजवळ तो नसावा एवढेच मनात असते, तर दुपारी तो पिंपामागे फेकल्याबरोबर मन निवायला हवे होते. परंतु फेकून झाल्यावरही तो हुंदके देतच होता. रात्री बाळ निजल्यावर सूनबाईने थोरल्याला मांडीवर घेऊन, पूर्वी सांगत असे तशी चिमणीची गोष्ट सांगितली, आणि पोर शांत होऊन झोपी गेले.

या एका दिवसात त्या मुलावर तीन उपाय झाले, आणि त्यांवरून त्याच्या दुखण्याचे नाव ठरवता येते. दुसऱ्याजवळ आहे तसेच मलाही मिळाले की जे शमते, तो हेवा. दुसऱ्याजवळचे नाहीसे झाले की जे शमते, तो मत्सर. आणि या दोन्हींनी जे शमत नाही, जे केवळ तिसऱ्याच एका माणसाच्या मायेची खात्री पटल्याने शमते, ती ईर्ष्या. हेवा आणि मत्सर यांत माणसे दोन असतात, एक मी आणि एक तो. ईर्ष्येत माणसे तीन असतात: मी, तो, आणि जिच्यावर वा ज्याच्यावर माझा हक्क आहे असे मला वाटते ती व्यक्ती. मत्सरी माणूस जे आपल्याजवळ नाही त्यासाठी जळतो, आणि ईर्ष्या करणारा जे आपल्याजवळ आहे ते जाईल म्हणून जळतो. आमच्या नातवाला बाळाचे काही नको होते. त्याला स्वतःचीच आई परत हवी होती.

हा भेद मी आपल्या पदरचा सांगत नाही. आपल्या वैयाकरणांनी तो फार पूर्वी हेरलेला आहे, आणि तोही एका विभक्तीच्या आधारे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, एक सूत्र आहे. क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया या अर्थांचे धातू असतील, तर ज्याच्यावर कोप असेल त्याला संप्रदान म्हणावे, म्हणजे त्याची चतुर्थी करावी, असा त्याचा आशय. गोविंदाचे बरे झालेले एखाद्याला सोसत नसेल, तर संस्कृतात 'गोविंदाय ईर्ष्यति' असे म्हणायचे. येथवर सारे सरळ आहे. परंतु सूत्रातील 'ज्याच्यावर कोप' या शब्दांचे प्रयोजन काय, असा प्रश्न काशिकाकारांनी उपस्थित केला आणि त्याला एका नवऱ्याचे उदाहरण दिले. या गृहस्थाला आपली बायको दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडू नये असे वाटते. तोही ईर्ष्याच करतो, धातूही तोच, पण येथे बायकोची चतुर्थी होत नाही, द्वितीया होते. कारण उघड आहे. त्याचा कोप बायकोवर नाही. तिला तो जपतो आहे, आणि रोष आहे तो पाहणाऱ्यावर.

पाठशाळेत हे प्रत्युदाहरण मी घोकले, परीक्षेत लिहिले, पुढे मुलांनाही शिकवले. त्यात विभक्तीपलीकडे काही आहे हे मात्र माझ्या लक्षात आले नाही. एकाच धातूला दोन विभक्ती लागतात, कारण त्या धातूच्या पोटात दोन निरनिराळी दुखणी आहेत. चतुर्थीतला मनुष्य माझा प्रतिस्पर्धी असतो, आणि द्वितीयेतला मनुष्य माझा ठेवा असतो. इंग्रजीत यांतील पहिल्याला एन्व्ही आणि दुसऱ्याला जेलसी असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. पाणिनीच्या परंपरेने तेच काम एका शब्दावर दोन प्रत्यय लावून भागवले.

असूया हा शब्द या दोहोंहून निराळा आहे. अमरकोशात ईर्ष्येला अक्षांती म्हटले आहे, म्हणजे न साहणे. आणि असूयेचा अर्थ दिला आहे तो गुणांच्या ठायीही दोष लावणे असा. म्हणजे मत्सर मनात राहतो आणि असूया जिभेवर. शेजाऱ्याचा मुलगा परीक्षेत पहिला आला हे ऐकून पोटात कालवले, तर तो मत्सर. 'हो, पण पाठांतराच्या जोरावर आला, बुद्धी अशी नाहीच' असे उद्गार बाहेर पडले की ती असूया. मत्सर झाकता येतो. असूया बोलल्याशिवाय राहत नाही, आणि म्हणूनच ती चटकन पकडता येते. गुणाची कबुली देऊन लगेच 'पण' म्हणणारा मनुष्य दिसला की समजावे.

मत्सराविषयी अमरकोशातच आणखी एक मौजेची गोष्ट आहे. परक्याच्या बऱ्याचा द्वेष हा अर्थ तर तिथे आहेच. त्याशिवाय कृपण, म्हणजे कवडीचुंबक, हाही मत्सर शब्दाचा अर्थ दिलेला आहे. बौद्धांच्या ग्रंथांत तर मात्सर्य म्हणजे मुख्यतः कंजूषपणाच. आपले दुसऱ्याला न देववणे. तेव्हा एके काळी या शब्दाची एक बाजू आपले धरून ठेवण्याकडे होती. मराठीत ती बाजू पार पुसली गेली, आणि षड्रिपूंत शेवटचा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो परक्याचे न पाहवणारा मत्सर तेवढा उरला.

ईर्ष्या शब्दाची वाट मराठीत याच्या उलट झाली. तो मराठीत आला आणि जवळजवळ सद्गुण बनला. 'त्याने ईर्ष्येने अभ्यास केला', 'दोन्ही संघ ईर्ष्येला पेटले' असे आपण कौतुकाने म्हणतो. तेथे ना कोप असतो, ना भय. असते ती चुरस. यात मराठीनेच काही वेडेवाकडे केले असे नाही. ग्रीक भाषेतल्या झीलॉस या एकाच शब्दापासून इंग्रजीतला झील म्हणजे उत्साह आणि जेलसी म्हणजे ईर्ष्या हे दोन्ही शब्द निघाले. जे आपले मानले त्यासाठी जीव पाखडणे, हा दोहोंचा समान गाभा. परिणाम मात्र असा झाला की, इंग्रजीत ज्याला जेलसी म्हणतात त्यासाठी मराठी घरात एक ठरलेला शब्दच उरला नाही. नवराबायकोंत ती दिसली तर आपण 'संशय' म्हणतो, सवतींत दिसली तर 'सवतीमत्सर' म्हणतो, आणि लेकरांत दिसली तर 'हेवा' म्हणून मोकळे होतो. यांपैकी एकही शब्द नेमका नाही.

संशयाचेच पाहा. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीत नाटक म्हणून रंगभूमीवर आले, आणि त्यातला फाल्गुनराव घरोघरी माहीत झाला. त्या नाटकात कोणालाही दुसऱ्याचे काही नको आहे. जो तो आपले माणूस हातचे गेले या धास्तीने व्याकूळ आहे. तेव्हा तिथला विकार ईर्ष्येचाच. पण नाटककाराने नाव दिले संशयाचे, आणि ते त्या कथानकाला योग्यच आहे, कारण तिथे खरोखर गेलेले काहीच नसते. एका तसबिरीने घोटाळा केलेला असतो, आणि पुरावा मिळताच सारे मिटते. संशय हा ज्ञानाचा दोष आहे; खरे कळले की तो संपतो. ईर्ष्या मात्र खरे कळल्यावरही राहू शकते, कारण पुष्कळदा गेलेले खरोखरच गेलेले असते. आमच्या नातवाला संशय नव्हता. आईची मांडी दिवसातून सोळा तास दुसऱ्याकडे होती, हे त्याला डोळ्यांनी दिसत होते.

दोन्ही विकार शेजारी शेजारी पाहायचे असतील तर शेक्सपिअरचे ऑथेल्लो आहे, जे देवलांनीच 'झुंझारराव' या नावाने मराठीत आणले. ऑथेल्लो आपल्या पत्नीविषयी ईर्ष्येने जळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याला पेटवणारा इयागो आरंभी जळतो तो कॅशिओला मिळालेल्या हुद्द्यामुळे. जे आपल्याला मिळाले नाही ते त्याला मिळाले, हा शुद्ध मत्सर; आणि कॅशिओची विद्या म्हणजे नुसती पुस्तकी, रणांगण याने कधी पाहिलेले नाही, असे तो म्हणतो ती शुद्ध असूया. एकाचा मत्सर दुसऱ्याच्या ईर्ष्येला काडी लावतो. दोन्हींचे नाव एकच ठेवले, तर ते नाटक नीटसे समजणारच नाही.

आपल्या पुराणांतली दोन माणसे यापेक्षाही जवळची आहेत. दुर्योधन मयसभा पाहून हस्तिनापुरास परतला तेव्हा त्याचे काय गेले होते? राज्य होते, भाऊ होते, भोगांना तोटा नव्हता. महाभारतात धृतराष्ट्र त्याला हेच विचारतो की, बाबा, तुला उणे काय आहे? पण तशीच दुसरी सभा बांधून दिली असती तरी दुर्योधन निवला नसता. पांडवांजवळ ती नसणे, हे त्याला हवे होते. म्हणून तो मत्सर, आणि म्हणूनच त्याचा शेवट द्यूतात झाला. मत्सराला दुसऱ्याचे हरण केल्याशिवाय विसावा नसतो. आता सत्यभामा पाहा. नारदाने आणलेले पारिजातकाचे फूल कृष्णाने रुक्मिणीला दिले, आणि सत्यभामा रुसली. हरिवंशात तिची समजूत काढण्यासाठी कृष्णाने स्वर्गातून अख्खा वृक्ष आणल्याची कथा आहे. फुलाच्या मोबदल्यात झाड! हेव्याचा प्रश्न असता तर तो त्याच क्षणी व्याजासह फिटला असता. पण आपल्या बायका जी कथा सांगतात तीत, झाड सत्यभामेच्या अंगणात लावले तरी फुले रुक्मिणीच्याच अंगणात पडू लागली. सत्यभामेची काळजी फुलाची कधीच नव्हती, कृष्णाच्या मनात पहिले पाऊल कोणाचे, ही होती, हे त्या सांगणाऱ्यांना पक्के समजलेले होते. ईर्ष्येला वस्तू देऊन पाहावे, ती पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहते.

आता आक्काच्या शब्दाकडे वळतो.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी आमच्या वडिलांची, म्हणजे तात्यांची, दृष्टी अधू होऊ लागली. घरात शेती बेताची, भावंडे तीन. मी पुढचे शिक्षण सोडले, गावच्या शाळेत नोकरी धरली, सकाळसंध्याकाळ शास्त्रीबुवांकडे संस्कृत चालू ठेवले, आणि माझ्याहून चार वर्षांनी धाकटा भाऊ शहरात कॉलेजात गेला. तो पदवीधर होऊन आला तेव्हा गावात पेढे वाटले. त्यानंतर मी घरात अबोल झालो. जेवताना मान वर करीत नसे. त्याने काही विचारले तर एका शब्दात उत्तर देई. सर्वांनी निदान केले, आणि आक्काने ते बोलून दाखवले, "अण्णाला धाकट्याच्या पदवीचा मत्सर वाटतो."

निदान इतके स्वाभाविक होते की ते मलाही पटले. ज्याने शिक्षण सोडले त्याला, ज्याने ते पुरे केले त्याचा मत्सर वाटणार, यात नवल काय? मी स्वतःला मनोमन फार दूषणे दिली, आणि शास्त्रात सांगितलेले औषध सुरू केले. योगसूत्रांत पुण्यवंतांविषयी मुदिता बाळगावी असे सांगितले आहे, आणि वाचस्पतिमिश्रांनी त्या मुदितेने असूयेचा मळ जातो असे विवरण केले आहे. मी मुदितेचा अभ्यास मांडला. आल्यागेल्याजवळ भावाची स्तुती करू लागलो. त्याचे पदवीचे प्रमाणपत्र मीच चौकटीत बसवून ओटीवर लावले. पुढे तीन वर्षांनी संस्कृताच्या परीक्षेत मी पहिल्या वर्गात आलो; तात्यांनी पाठीवरून हात फिरवला, शास्त्रीबुवांनी शाल दिली. म्हणजे मला माझा खुळखुळाही मिळाला. लोक म्हणू लागले, अण्णाने मत्सर जिंकला. आतला काटा मात्र होता तिथेच होता. मला वाटे, माझा मत्सर इतरांपेक्षा अधिक खोल आणि अधिक नीच आहे, म्हणून तो औषधाला दाद देत नाही.

तो काटा वर्षातून एकदाच निघत असे, आणि तो केव्हा, हे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला दिसले नाही. भाऊ उन्हाळ्यात पंधरा दिवस सासुरवाडीला जाई. त्या पंधरा दिवसांत मी हसत असे, जेवत असे, बोलत असे. घरच्यांनी याचाही अर्थ त्यांच्या निदानाला धरूनच केला, 'धाकटा दृष्टीआड झाला की याला बरे वाटते.'

खरे कारण असे होते. तात्यांची दृष्टी गेल्यापासून रोज दिवेलागणीनंतर त्यांना पोथी वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. श्रीधरांचा पांडवप्रताप आम्ही दोनदा संपवला. वाचन झाले की तात्या डोळे मिटून शेतीचा, देण्याघेण्याचा, आक्काच्या सासरचा विषय काढीत आणि माझे मत विचारीत. सहा वर्षे हे चालले. भाऊ पदवी घेऊन आला त्याच्या तिसऱ्या संध्याकाळी तात्या म्हणाले, "आज धाकट्याला वाचू दे, त्याचा आवाज ऐकून पुष्कळ दिवस झाले." त्यात गैर काय होते? मी पोथी त्याच्या हाती दिली आणि उठून पडवीत गेलो. दुसऱ्या दिवशीही तोच वाचायला बसला, मग तेच नित्याचे झाले. वाचनामागोमाग शेतीचे बोलणेही त्याच्याशी होऊ लागले. तो सासुरवाडीला गेला म्हणजे पाट पुन्हा मला मिळे, आणि काटा निघे.

पदवी मला नको होती. तात्यांच्या समोरचा तो पाट हवा होता, जो आधी माझा होता. घरातल्यांनी माझे वाक्य 'भ्रात्रे ईर्ष्यति' असे वाचले, भावाची चतुर्थी करून. वस्तुतः ते 'पितरम् ईर्ष्यति' असे होते, वडिलांच्या द्वितीयेचे. वैयाकरण मी, आणि स्वतःच्या घरची विभक्ती मला चाळीस वर्षे ओळखता आली नाही.

कोणी म्हणेल, नाव काहीही द्या, विकार तो विकारच. ईर्ष्या हा काही मत्सरापेक्षा मोठा सद्गुण नव्हे, हे मी मान्य करतो. तीत माणसाला मालमत्तेसारखे धरून ठेवण्याची जी वृत्ती असते ती काशिकेतल्या त्या नवऱ्याइतकीच माझ्यातही होती. दोन्ही विकार एकाच मनात एका वेळी असू शकतात, हेही खरे. भावाची पदवी पाहून मला एखादे दिवशी हेवा वाटलाच नसेल अशी शपथ मी घेणार नाही. पण नाव चुकले की औषध चुकते, आणि चुकीच्या औषधाचा उपद्रव निरोग्यालाही होतो. मला त्याच्या पदवीचा मत्सर आहे असे समजून माझा भाऊ, स्वभावाने भिडस्त, आपले यश माझ्यापासून झाकू लागला. बढती मिळाली तर ती मला तिसऱ्याकडून कळे. मी समोर आलो की तो बोलता बोलता थांबे. दादाला टोचू नये म्हणून त्याने माझ्यापासून जेवढे लपवता येईल तेवढे लपवले, आणि त्यामुळे भाऊही मला दुरावला. ज्या एका गोष्टीने सारे मिटले असते, म्हणजे एक दिवसाआड पोथी माझ्याकडे देणे, ती त्याला एका पैशालाही पडली नसती. ती सुचली नाही, कारण त्या शब्दात तिचा मागमूसच नव्हता. मत्सरावर उपाय शोधणारा मनुष्य वस्तूंकडे पाहतो, पाटाकडे पाहत नाही.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी नाव ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न मनाशी विचारावेत, असे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. याला तसेच मिळाले तर हा निवेल काय? दुसऱ्याचे गेले तर निवेल काय? दोन्हींचे उत्तर नाही असे आले, तर हा कोणाचे माणूसपण, कोणाची माया हरवून बसला आहे? आणि बोलतानाही शब्द थोडे जपून वापरावेत. 'तुमच्या संसाराचा हेवा वाटतो' हे तोंडावर म्हणता येते आणि ऐकणाऱ्याला ते गोडही लागते; 'मत्सर वाटतो' असे कोणी म्हणत नाही, कारण त्यात त्याचे वाईट चिंतणे आले. नव्या सुनेच्या हातचे जेवण मुलगा वाखाणू लागला म्हणजे सासू गप्प होते, तिला सुनेचा मत्सर नसतो. स्वयंपाक तिलाही येतोच. तिथे शब्द ईर्ष्या, आणि उपाय मुलाच्या हाती. जावेच्या पाटल्या पाहून झोप येत नसेल, तर तो हेवा. पाटल्या होतील तेव्हा जाईल. त्या पाटल्या मोडाव्या लागल्या हे ऐकून झोप लागली, तर मात्र तो मत्सर, आणि त्याला सोनार उपयोगी नाही.

बाळाला पाहायला भाऊ दिवाळीत आला होता. रात्री दोघेच ओटीवर बसलो असता, आक्काच्या त्या वाक्याच्या निमित्ताने, मी त्याला हे सारे सांगितले. चतुर्थीही सांगितली आणि द्वितीयाही. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, मला वाचायचा कंटाळा येई हो. ओवी चुकली की तात्या लगेच थांबवीत आणि म्हणत, अण्णा असता तर चुकला नसता. मला वाटे, तुम्हीच ते काम रागाने सोडले आहे."

तात्यांना जाऊन तीस वर्षे झाली. ते ऐकून मी उठलो आणि दिव्याची वात सारखी करण्याच्या निमित्ताने आत गेलो. माजघरात थोरला नातू पाळण्याची दोरी धरून बसला होता. सूनबाईने त्याला ते काम लावून दिले आहे. एका हाताने तो दोरी ओढतो, आणि दुसऱ्या बाजूला आई त्याला गोष्ट सांगते. खुळखुळा पुन्हा पाळण्यावर बांधलेला होता. त्याकडे त्याचे लक्षही नव्हते.